पाळी गेल्यानंतर अंगावरून पाणी किंवा लालसर जातंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे हे प्रश्न वर्षानुवर्षं येतात. कधी बाई स्वतः विचारते, कधी आईच्या वतीने मुलगी किंवा सून विचारते. शब्द वेगळे असले तरी मनातली शंका एकच असते: हे नुसत्या कोरडेपणाचं आहे की पिशवीतून येतंय? इथे "पिशवी" म्हणजे गर्भाशय आणि "अस्तर" म्हणजे गर्भाशयाच्या आतला थर. उत्तरं एकमेकांना जोडलेली आहेत, म्हणून जिथे गरज आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पाळी जाऊन चार वर्षं झाली. आता कधीतरी गुलाबी पाण्यासारखा डाग दिसतो. पाळी परत येते आहे का?

नाही. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं आपण धरतो. त्यानंतर अंगावरून जे काही लाल, गुलाबी किंवा तपकिरी जाईल, त्याला पाळी म्हणायचं नाही. डाग नखाएवढा असो की पॅड भरणारा, एकदाच दिसलेला असो की रोज दिसणारा, तपासणी व्हायला हवी. "एकदाच तर झालं" म्हणून सहा महिने थांबलेल्या बायका मी नेहमी बघते. त्या सहा महिन्यांची काही गरज नव्हती.

घाबरून जाऊ नका, हेही तितक्याच मनापासून सांगते. पाळी गेल्यावर रक्त गेलं म्हणून तपासणीला आलेल्या १०० बायकांपैकी साधारण ९ ते १० जणींना पिशवीच्या अस्तराचा कर्करोग निघतो. बाकीच्यांना कोरडेपणा, मस्सा (पॉलिप) किंवा पातळ पडलेलं अस्तर अशी साधी कारणं असतात. पण त्या नऊ-दहा जणी कोण, हे तपासल्याशिवाय कळत नाही. त्यांचा आजार बहुतेक वेळा या डागामुळेच लवकर सापडतो.

२. नुसत्या कोरडेपणाने रक्त कसं येईल?

इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन अंगात असतं तोवर योनीमार्गाची त्वचा जाड, ओलसर आणि घड्या पडलेली असते. त्वचेतल्या साखरेवर चांगले जंतू जगतात आणि तिथलं आम्ल टिकवून धरतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरतं आणि त्वचेचे थर कमी होतात. घड्या सपाट होतात, आम्ल घटतं. त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांवर आता नावापुरताच पडदा उरलेला असतो. संबंधाच्या वेळी, कधी शौचाला जोर लावताना, तर कधी नुसतं पुसताना तो पडदा फाटतो आणि लालसर डाग दिसतो.

पाणी का जातं, तेही यातूनच कळतं. सोललेल्या कातडीतून जशी लस पाझरते, तसा या सुजलेल्या पातळ त्वचेतून पिवळट पातळ स्राव येतो. म्हणून एकीकडे "कोरडं वाटतं" आणि दुसरीकडे "ओलं होतं" अशा दोन्ही तक्रारी एकच बाई करते. तिचं काही चुकत नाही, दोन्ही खरं असतं.

३. आणि पिशवीतून येतं, ते कशामुळे?

सगळ्यांत वारंवार दिसणारं कारण म्हणजे पिशवीचं अस्तरही पातळ पडणं. योनीमार्गासारखंच तेही इस्ट्रोजेनवर जगतं, आणि पातळ झाल्यावर तिथूनही थोडं रक्त झिरपतं. दुसरं कारण मस्सा, म्हणजे अस्तरातून लोंबणारी मऊ गाठ. तिसरं, अस्तराची फाजील वाढ. चौथं, अस्तराचा कर्करोग. म्हणजे "पिशवीतून येतंय" याचा अर्थ लगेच कर्करोग असा होत नाही.

शेवटच्या दोन कारणांची शक्यता काही जणींमध्ये जास्त असते: वजन बरंच जास्त असलेल्या, मधुमेह असलेल्या, मूल न झालेल्या, पाळी उशिरा गेलेल्या आणि रक्ताच्या नात्यात पिशवीचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी वयात झालेला असलेल्या. वजनाचं कारण असं की पाळी गेल्यानंतर शरीरातली चरबीच थोडं इस्ट्रोजेन तयार करत राहते. त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन मात्र आता नसतं, त्यामुळे अस्तर वाढतच जातं.

४. रंग, वास, किती जातंय यावरून घरीच ओळखता येईल का?

अंदाज बांधता येतो, निर्णय करता येत नाही. कोरडेपणाचा डाग सहसा थोडा असतो, संबंधानंतर किंवा पुसताना दिसतो, सोबत आग, खाज किंवा लघवीला जळजळ असते. पिशवीतलं रक्त बहुधा काही निमित्त न होता येतं. कधी तपकिरी असतं, कधी मांस धुतलेल्या पाण्यासारखं, कधी ओटीपोटात कळ येऊन जातं.

पण कोरडेपणा पाळी गेलेल्या निम्म्याहून जास्त बायकांना असतो. ज्यांना पिशवीचा आजार होतो त्यांनाही तो असतोच. आग होते आहे, खाज आहे, म्हणून रक्तही तिथलंच, असं म्हणता येत नाही. या सगळ्या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मला हाच वाटतो आणि प्रश्न ८ मध्ये तो नीट उलगडला आहे.

घरी करण्यासारखं एक काम आहे. पांढरं सुती कापड किंवा पॅड वापरा आणि डाग कधी दिसला, त्याआधी काय झालं होतं, ते तारखेसह लिहून ठेवा. डाग लघवीच्या वेळी दिसतो की शौचाच्या वेळी की एरवीही, हेही लिहा. मूत्रमार्गाच्या तोंडाशी लहान लाल मांसल उंचवटा असेल किंवा मूळव्याध असेल, तर तिथलं रक्तही "अंगावरून जातंय" असं वाटतं.

५. डॉक्टर आतून तपासतात तेव्हा नेमकं काय बघतात?

आधी बाहेरून बघतात: मूत्रमार्गाचं तोंड, योनीची ओठं, गुदद्वार. मग स्पेक्युलम नावाचं चोचीसारखं साधन घालून योनीमार्ग उघडतात. पातळ त्वचा असेल तर हे दुखू शकतं. लहान स्पेक्युलम आणि वंगण वापरायला सांगायला अजिबात संकोच करू नका.

पातळ पडलेला योनीमार्ग फिकट, गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो. त्यावर जागोजागी टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके असतात, आणि कापसाचा बोळा नुसता टेकवला तरी त्या जागी रक्त येतं. पण खरी तपासणी यानंतर सुरू होते. मागच्या कोपऱ्यात साचलेला स्राव पुसून घेऊन पिशवीच्या तोंडाकडे थोडा वेळ नुसतं बघत राहायचं असतं. पुसल्यावर तोंडातून पुन्हा लालसर थेंब उतरला, तर रक्त वरून येतंय. साचलेलं रक्त न पुसता "भिंतीवर दिसतंय, म्हणजे भिंतीचंच" असं ठरवलं की फसगत होते. वरून आलेलं रक्तही भिंतीवरच पसरलेलं असतं. त्या दिवशी तोंड स्वच्छ दिसलं तरी पिशवी निर्दोष ठरत नाही, कारण तिथलं रक्त रोज येत नाही.

काही वेळा आम्ल घटलं की वरचा आकडा दाखवणारी पीएचची पट्टी बाजूच्या भिंतीला लावतात. पाळी चालू असताना योनीचा पीएच ३.८ ते ४.५ च्या आसपास असतो, पातळ पडल्यावर तो ५ च्या वर जातो. मात्र रक्त, वीर्य किंवा जंतुसंसर्ग असेल तरी पट्टी तेवढीच चढते. म्हणून रक्त जात असताना या पट्टीला फारसा अर्थ उरत नाही.

याच वेळी पिशवीचं तोंड नीट बघतात, कारण तिथल्या कर्करोगानेही पाणी आणि रक्त जातं. नंतर हाताने पिशवीचा आकार आणि दोन्ही बाजू तपासतात.

६. सोनोग्राफीत "अस्तर ३ मिमी" आलं. शेजारच्या काकूंचं ९ मिमी आलं. यातून काय समजायचं?

सोनोग्राफी पोटावरून नको, योनीमार्गातून केलेली हवी, कारण इथे एकेका मिलिमीटरला किंमत आहे. अस्तराचे समोरासमोरचे दोन्ही थर मिळून, सगळ्यांत जाड जागी, माप घेतात. मध्ये पाणी साचलेलं असेल तर ते मापात धरत नाहीत.

रक्त जात असलेल्या बाईचं अस्तर ४ मिमी किंवा कमी असेल, तर अस्तराचा कर्करोग असण्याची शक्यता १०० मध्ये १ पेक्षाही कमी असते. अशा वेळी पहिल्या खेपेला बायोप्सी न करता थांबता येतं. काही डॉक्टर ३ किंवा ५ मिमीची रेघ धरतात, त्यात चूक नाही. रेघेच्या वर माप गेलं म्हणजे कर्करोग झाला, असं मात्र नव्हे. अस्तराचा तुकडा तपासायला हवा, एवढंच त्यातून कळतं. काकूंचे ९ मिमी एका साध्या मश्शाचेही असू शकतात.

या मापाच्या दोन मर्यादा आहेत. पिशवीच्या कर्करोगाचा एक कमी आढळणारा पण आक्रमक प्रकार पातळ अस्तरातही वाढतो. म्हणून माप ३ मिमी असूनही रक्त पुन्हा पुन्हा येत असेल, तर बायोप्सी करावीच लागते. दुसरी मर्यादा अशी की मोठ्या फायब्रॉइडमुळे किंवा पिशवी वाकडी असल्यामुळे अस्तर पूर्ण दिसतच नाही. रिपोर्टमध्ये "अस्तर नीट दिसले नाही" असं लिहिलं असेल तर त्याला नॉर्मल समजू नका. ती तपासणी अजून झालेलीच नाही.

७. पिपेल बायोप्सी म्हणजे क्युरेटिंग का? भूल लागते का? आणि "नमुना अपुरा" असा रिपोर्ट आला तर?

पिपेल ही जेमतेम ३ मिमी जाडीची लवचिक नळी असते. ती पिशवीच्या तोंडातून आत सरकवून, आतली दांडी ओढून, खेचाने अस्तराचे कण घेतात. बाह्यरुग्ण विभागातच होतं, बहुतेकींना भूल लागत नाही. पाळीच्या वेळच्या जोरदार कळेसारखी एक-दोन मिनिटं कळ येते. आधी वेदनाशामक गोळी घ्यावी का, ते डॉक्टरांना विचारा. क्युरेटिंग भूल देऊन करतात आणि हल्ली ते शक्यतो दुर्बिणीसोबत केलं जातं.

पिपेलचा दोष असा की ती आंधळेपणाने नमुना घेते. आजार अस्तरभर पसरलेला असेल तर चांगला पकडते, पण एका कोपऱ्यातला मस्सा किंवा छोटी जागा तिच्या हातून निसटू शकते. म्हणून रिपोर्ट साधा आला तरी रक्त थांबत नसेल, किंवा सोनोग्राफीत मस्सा दिसत असेल, तर दुर्बीण घालून (हिस्टेरोस्कोपी) आत प्रत्यक्ष बघून तुकडा घेतात.

"नमुना अपुरा" हा रिपोर्ट पातळ अस्तराच्या बायकांत नेहमीचा आहे. खरवडायलाच काही नसतं. अस्तर ४ मिमीच्या आत आणि रक्त थांबलेलं असेल तर बहुधा एवढ्यावर भागतं. अस्तर जाड असताना नमुना अपुरा आला तर त्या रिपोर्टवर विसंबून राहू नका, पुढची पायरी दुर्बीण. वयामुळे पिशवीचं तोंड इतकं आकसलेलं असतं की कधी नळी आतच जात नाही. तेव्हाही तपासणी सोडायची नाही, भूल देऊन करायची.

८. डॉक्टरांनी कोरडेपणाचं क्रीम दिलं आणि रक्त थांबलं. म्हणजे कारण कोरडेपणाच होतं, झालं ना?

बऱ्याचदा हो. पण नेहमी नाही. पुढची हकिकत एका बाईची नाही, अनेक जणींच्या हकिकती जुळवून लिहिली आहे.

वय ६१, पाळी ५२ व्या वर्षी गेलेली. वजन जास्त, मधुमेह दहा वर्षांचा. तीन महिन्यांपासून आग, आणि अधूनमधून चड्डीवर गुलाबी पाण्याचा डाग. तपासणीत योनीमार्ग फिकट, लाल ठिपक्यांचा, बोट लावताच रक्त येणारा. कारण डोळ्यांसमोरच दिसत होतं. इस्ट्रोजेनचं क्रीम सुरू झालं: दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. सोनोग्राफी सांगितली गेली नाही. सहा आठवड्यांत आग गेली, डागही गेला. सगळ्यांना हायसं वाटलं.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी पुन्हा डाग, या वेळी आग नाही. दुसऱ्यांदा तपासलं तेव्हा योनीमार्ग सुधारलेला होता. रंग गुलाबी, ठिपके गेलेले, बोळा लावून रक्त येत नव्हतं. रक्त यायला आता तिथे कारणच उरलं नव्हतं. साचलेला स्राव पुसला आणि पिशवीच्या तोंडातून लालसर पाण्याची बारीक धार उतरली. सोनोग्राफीत अस्तर ८ मिमी. पिपेलमध्ये फक्त काही साध्या पेशी, नमुना तुटपुंजा. दुर्बिणीत डाव्या बीजवाहक नळीच्या तोंडाजवळ एक मस्सा दिसला आणि त्याच्या बुडाशी कर्करोगाची सुरुवात. पिशवी, नळ्या आणि अंडाशय काढले. आजार अस्तरापुरताच होता, पुढे आणखी उपचार लागले नाहीत.

पहिल्या भेटीत कोरडेपणाचं निदान खोटं नव्हतं. तो होताच, आणि काही डाग त्याचेही असतील. चूक एवढीच झाली की एक कारण सापडल्यावर दुसरं शोधणं थांबवलं. पिशवीतला मस्सा रोज रक्त देत नाही, तो मध्ये गप्प बसतो. तो गप्प बसलेला काळ क्रीमच्या नावावर जमा झाला. म्हणून रक्ताचा डाग असेल तर अस्तराचं माप आधी, किंवा निदान क्रीमसोबतच, घ्यायला हवं. क्रीमचा गुण येणं ही पिशवीची तपासणी नव्हे.

क्रीम वाईट, असा मात्र अर्थ काढू नका. योनीमार्गात लावायच्या कमी मात्रेच्या इस्ट्रोजेनचा फारच थोडा भाग रक्तात जातो आणि ते चांगलं काम करतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र आधी त्या डॉक्टरांना विचारा.

९. पॅप नॉर्मल आहे. तरी बाकीच्या तपासण्या कशाला?

पॅप पिशवीच्या तोंडाची तपासणी आहे, आतल्या अस्तराची नाही. अस्तराचा कर्करोग असलेल्या कितीतरी बायकांचा पॅप नॉर्मल असतो.

१०. आईला स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू आहे. अस्तर ११ मिमी आलं आणि सगळे घाबरलो.

टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं, पण पिशवीवर स्वतःच इस्ट्रोजेनसारखं वागतं. त्याने अस्तराखालचा थर फुगतो आणि सोनोग्राफीत तो सगळा "जाड अस्तर" म्हणून दिसतो. त्यामुळे प्रश्न ६ मधली ४ मिमीची रेघ इथे लागू पडत नाही. रक्त जात नसेल तर नुसत्या मापावरून सहसा काही करत नाहीत. रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी माप कितीही असो, बायोप्सी किंवा दुर्बीण लागते. मस्से आणि कर्करोग दोन्हींचं प्रमाण या गोळीने वाढतं. गोळी स्वतःहून बंद करू नका.

११. हार्मोनच्या गोळ्या (एचआरटी) चालू आहेत, त्याने डाग पडतो का?

रोज दोन्ही हार्मोन घेत असाल तर पहिल्या सहा महिन्यांत अधूनमधून डाग पडणं नेहमीचं आहे. सहा महिन्यांनंतरही चालू राहिला, किंवा बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर तपासणी करायची. पिशवी असताना प्रोजेस्टेरॉनशिवाय नुसतं इस्ट्रोजेन गोळीतून किंवा पॅचमधून घेत असाल, तर आजच डॉक्टरांना सांगा.

१२. रक्त थेंबभरही नाही. फक्त पाणी जातं, इतकं की पॅड लागतो.

आधी ती लघवी तर नाही ना, हे ठरवावं लागतं. पातळ योनीमार्गासोबत मूत्राशयाचा ताबाही सैल होतो. खोकताना, शिंकताना ओलं होतं का? लघवीला केशरी रंग देणारी गोळी देऊन पॅड बघतात: पॅड केशरी झाला तर पाणी मूत्राशयातलं.

लघवी नसेल आणि योनीमार्गाच्या पातळपणाला शोभण्यापेक्षा पाणी बरंच जास्त असेल, तर रक्त नसलं तरी पिशवीचं तोंड, अस्तर आणि नळ्या तपासतात. पिशवीच्या आणि तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात कधी नुसत्या पाण्याने होते. बीजवाहक नळीच्या दुर्मीळ कर्करोगात ओटीपोटात कळ येते, मग एकदम भरपूर पाणी जातं आणि कळ थांबते. पाण्याला घाण वास असेल, ताप असेल, तर पिशवीत पू साचलेला असू शकतो. तोंड आकसल्यामुळे तो अडकतो. पू काढून टाकणं आणि तोंड का बंद झालं ते शोधायला बायोप्सी करणं, दोन्ही गरजेचं.

१३. माझी पिशवी काढलेली आहे. मग तरी डाग का?

अस्तराचा प्रश्न उरत नाही. बहुधा कारण पातळ योनीमार्ग, किंवा टाक्यांच्या जागी राहिलेला लाल मांसल कण असतो. पण तोंड ठेवून पिशवी काढली होती का, आणि कशासाठी काढली होती, हे जुन्या कागदांत बघा. तोंड असेल तर पॅप चालू ठेवायची.

१४. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. त्यामुळेच असेल का?

गोळीमुळे रक्त जास्त जाईल किंवा लवकर थांबणार नाही, पण ते कुठून तरी सुटलेलं असतंच. त्या जागेचा शोध प्रश्न ५ आणि ६ प्रमाणेच घ्यायचा. कधी कधी गोळीमुळे एखादा लहान मस्सा लवकर उघडकीला येतो, हा त्यातला फायदाच.

१५. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली, अस्तर ७ मिमी दिसलं. रक्त कधीच गेलं नाही. बायोप्सी करायची?

४ मिमीची रेघ रक्त जाणाऱ्या बायकांसाठी आहे. रक्त नसताना बरेच डॉक्टर ११ मिमीच्या आसपास बायोप्सीचा विचार करतात. त्याखाली प्रश्न ३ मधल्या जोखमी बघून ठरवतात.

१६. सगळं तपासलं, साधं निघालं. चार महिन्यांनी परत डाग आला. पुन्हा तेच सगळं?

हो, आणि या वेळी एक पायरी पुढे. आधी फक्त सोनोग्राफी झाली असेल तर आता बायोप्सी, पिपेल झाली असेल तर आता दुर्बीण. जुना रिपोर्ट त्या दिवसापुरता खरा होता. जाताना तो, सोनोग्राफीची फिल्म आणि प्रश्न ४ मधली डागांची तारीखवार नोंद सोबत न्या. आधीचं "अस्तर ४ मिमी" आणि आताचं "६ मिमी" शेजारी ठेवून बघता आलं की डॉक्टरांचा निर्णय पुष्कळ सोपा होतो.